आजीसाठी सात मिनिटे

ऐंशी वर्षे पूर्ण केलेल्या माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या, असे आपण सहज बोलून जातो. हिशेब मांडला तर अजून थोडी वाट पाहावी लागते. वर्षाच्या बारा धरल्या तर ऐंशी वर्षांच्या पौर्णिमा होतात 960. दर बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी येणारा अधिक महिना धरला की त्यांत आणखी एकोणतीस-तीस मिळतात आणि बेरीज 990 च्या आसपास येते. हजारावा पूर्ण चंद्र दिसायला ऐंशीच्या वाढदिवसानंतर साधारण दहा महिने जावे लागतात. म्हणून काही घरांत सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा त्या सुमारास करतात, तर काही घरांत ऐंशी सरून एक्याऐंशीवे लागले आणि मुलांच्या सुट्ट्या जुळल्या, की तोच मुहूर्त ठरतो.

मुहूर्त कोणताही असो, कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी शांत, मग कणकेच्या दिव्यांनी औक्षण, कुठे गुळाची किंवा पुस्तकांची तुला, साडी-चोळी आणि पंगत. या सगळ्यात एक जागा मात्र कोणी तयारी न करता ठेवलेली असते. औक्षण झाले आणि पाने मांडायला अजून अवकाश असला, की कोणीतरी म्हणते, ''आता नातवंडांपैकी कुणीतरी दोन शब्द बोला.'' मग नातवंडांपैकी कुणीतरी उठते आणि आजी किती प्रेमळ, किती कष्टाळू, किती सोशिक हे सांगून बसते. टाळ्या होतात. आजीही हात जोडते. पण त्या भाषणातली आजी शेजारच्या घरातल्या आजीसारखीच असते.

सिंधुदुर्गातल्या एका घरी 2025 च्या वैशाखात अशीच एक ऐंशी साजरी झाली. आजीचा जन्म 1945 चा. थोरला मुलगा नोकरीनिमित्त वडोदऱ्याला गेला तो तिथलाच झाला, धाकटा गावच्या घरात आईजवळ राहिला, मुलगी बेळगावला दिलेली. नातवंडे आणि पतवंडे आणखी दूरच्या गावांत पांगलेली. बोलण्याचे काम आले थोरल्याच्या मुलीकडे, कारण ती सगळ्यांत मोठी नात आणि दुसरीत जाईपर्यंत आजीजवळच वाढलेली. वडील तेव्हा वडोदऱ्यात एका खोलीत राहत होते. बिऱ्हाड थाटेपर्यंत मुलीला गावी ठेवली होती.

समारंभाच्या महिनाभर आधी नातीने वडोदऱ्यात बसून चार पाने लिहिली आणि धाकट्या चुलतभावाला फोनवर वाचून दाखवली. तो शांतपणे म्हणाला, ''ताई, यातलं एकेक वाक्य माझ्या आईकडच्या आजीलाही लागू पडतं. बघ, नाव बदलून वाचू का?'' त्याने वाचले आणि खरोखरच कुठे अडले नाही. पुढे हीच तिची कसोटी ठरली. जे वाक्य दुसऱ्या कोणत्याही आजीबद्दल म्हणता येईल ते काढून टाकायचे. चार पानांतून उरल्या अडीच ओळी.

मग तिने वही घेतली आणि विशेषणे सोडून नुसते प्रसंग लिहायला घेतले. अट एकच, की तो प्रसंग तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असावा. आजीच्या लग्नातली गोष्ट, आजोबांच्या आजारपणातली गोष्ट, या ऐकीव म्हणून बाजूला पडल्या. आठवडाभरात अकरा प्रसंग जमले. त्यांतले तीन कोणते घ्यावेत, हे कळेना. रोज एकदा यादी वाचताना तिच्या लक्षात आले, की तीन प्रसंगांत आजीच्या हातात काहीतरी लिहिलेले आहे. पहिल्यात पाटी, दुसऱ्यात कागद, तिसऱ्यात कॅलेंडर. आजी वाचते, एवढीच ती गोष्ट होती. आणि ती दुसऱ्या कुणाच्या आजीला लागू पडत नव्हती, कारण ही आजी सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत अंगठा उठवत होती.

पहिला प्रसंग 1991 चा. केंद्र सरकारने 1988 मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू केले होते आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी साक्षरतेचे वर्ग गावोगाव पोचले. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात पडवीत बायका बसत, गावातलाच एखादा शिकलेला मुलगा स्वयंसेवक म्हणून शिकवी. पण मोहिमेचा भर 15 ते 35 वर्षांच्या माणसांवर होता. आजी बसत नव्हती त्या वयात. तिचे नाव यादीत आले नाही आणि तिनेही कुणाला विचारले नाही. नात मात्र त्याच वर्षी पहिलीत गेली होती. आजीपाशी पाटी होती, पेन्सिल होती आणि रोज शाळेतून येणारी मास्तरीण होती. नातीने हा भाग भाषणात असा लिहिला:

''मला वाटायचं, आजी माझा अभ्यास घेते. दिवेलागणीनंतर ती मला समोर बसवायची आणि म्हणायची, 'काय लिवलंस? वाच बगूया.' मी वाचायचे. ती म्हणायची, 'परत.' मी परत वाचायचे. तिसऱ्यांदा ती माझं बोट बाजूला सारून स्वतःचं बोट अक्षरावर ठेवायची. मला वाटायचं, मी चुकले म्हणून ती तपासते आहे. एके दिवशी शाळेतून लवकर आले. आजी पडवीत तांदूळ निवडत होती. सुपात तांदळाचा पातळ थर पसरला होता आणि त्यात बोटाने अक्षरं काढलेली होती. तांदूळ सरकून खालचा बांबू दिसत होता, म्हणून अक्षरं तपकिरी दिसत होती. ते तिचं नाव होतं. मला पाहून तिने सूप एकदा हलवलं आणि अक्षरं गेली. मी म्हटलं, 'आजी, तुला येतं?' ती म्हणाली, 'कुणाक सांगा नको. पुरा येवंदे.'

''तिचं नाव मीच तिला पाटीवर लिहून दिलं होतं. शेवटचं अक्षर दुसऱ्या वेलांटीचं. मी सहा वर्षांची होते, पहिली दिली. आजीने तीच गिरवली. पुढे बँकेत खातं उघडलं तेव्हा तिने पहिल्यांदा सही केली आणि नमुन्याच्या कार्डावर ती पहिल्या वेलांटीसह गेली. नंतर तिला चूक कळली, पण सही बदलली तर पैसे काढताना जुळायची नाही, म्हणून तिने ती तशीच ठेवली. चौतीस वर्षं झाली. आजीच्या सहीत माझी चूक आहे.''

हे लिहून झाल्यावर नातीला एक गोष्ट जाणवली. 'आजी जिद्दी होती' असे वाक्य तिने कुठेच लिहिले नव्हते आणि त्याची गरजही उरली नव्हती. सुपातली अक्षरे ज्याला दिसली त्याला जिद्द वेगळी सांगावी लागत नाही.

दुसरा प्रसंग अवघड होता. तो लिहायला नव्हे, सांगायला अवघड होता, कारण त्यातली माणसे समोरच बसणार होती.

आजोबा 2005 मध्ये गेले. घर आणि मागची आंबा-काजूची बाग त्यांनी स्वतः केलेली. मृत्युपत्र नव्हते. अशा वेळी 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. म्हणजे आजी, दोन मुलगे आणि मुलगी, प्रत्येकाचा चौथा हिस्सा. पण कायदा एक आणि रीत एक. बहिणीने भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायचे आणि माहेर जोडलेले ठेवायचे, ही रीत पुष्कळ घरांत चालत आली आहे. ही कुणी फसवणूक मानत नाही, म्हणूनच तिच्याविरुद्ध बोलणे कठीण जाते. धाकट्या काकांनी तसे पत्र तयार करून आणले. आईने आणि आत्याने आपापले हिस्से सोडायचे, दोघा भावांच्या नावे घर-बाग करायची आणि आईला शेवटपर्यंत सांभाळायचे, असा मजकूर. थोरल्या भावाने, म्हणजे नातीच्या वडिलांनी, हो किंवा नाही काहीच म्हटले नाही. 2006 च्या उन्हाळ्यात सगळे तालुक्याच्या गावी नोंदणी कार्यालयाबाहेर बाकावर बसले होते. नात तेव्हा एकवीस वर्षांची, सुट्टीत आलेली.

नातीला जे आठवत होते ते तिने वहीत लिहिले. काकांनी कागद पुढे केला, सहीच्या जागा दाखवल्या. आजीने पिशवीतून चष्मा काढला आणि म्हणाली, ''आधी वाचतंय. मगे सही.'' साक्षरता वर्गांत पूर्ण शिकलेल्या माणसाने मिनिटाला तीस शब्द वाचावेत, अशी अपेक्षा ठेवलेली होती. आजी वर्गाला कधी गेली नाही, पण तिचा वेग साधारण तोच होता. चार पानांना तिला पाऊण तास लागला. आत नंबर येऊन गेला. शेवटच्या पानावर ती थांबली, मुलीला जवळ बोलावले, आणि एका शब्दावर बोट ठेवले. ''हय स्वखुशी लिवलेली आसा,'' ती म्हणाली. ''तुज्या तोंडार ती माका दिसणा नाय.'' आत्या काही बोलली नाही. आजीने कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि सगळे परत निघाले. पुढे तलाठ्याकडे वारसनोंद झाली ती चौघांच्या नावाने, आणि आजही सातबाऱ्यावर चौघांची नावे आहेत.

हा प्रसंग वगळला तर आजीचे वाचणे म्हणजे नुसता छंद ठरला असता. ती काय वाचू शकते आणि वाचल्यावर काय करू शकते, हे याच प्रसंगात होते. पण जसाच्या तसा सांगितला तर ऐंशीच्या पंगतीत काका सगळ्यांसमोर खाली मान घालून बसणार. आईचे अठरा-वीस वर्षे रोजचे पाहणारा, औषधे आणणारा, दवाखान्यात नेणारा मुलगा तोच. शिवाय पंगतीत त्याची सूनही असणार आणि व्याहीही.

अशा वेळी लोक सहसा दोन गोष्टी करतात. प्रसंग गाळतात, किंवा 'कुणाचे नाव घेत नाही' म्हणून आडून सांगतात. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वाईट, कारण मग प्रत्येक जण नाव शोधत बसतो आणि आजी बाजूला राहते. नातीने तिसरी वाट घेतली. तिने समारंभाच्या तीन आठवडे आधी काकांना फोन केला. लिहिलेले सगळे वाचून दाखवले आणि म्हणाली, ''काका, तुम्ही नको म्हणालात तर मी हे सांगणार नाही. कुणाला कळणारही नाही की मी विचारलं होतं.'' आत्यालाही तिने वेगळे विचारले. आत्या म्हणाली, ''मला चालेल. पण आधी त्याला विचार.''

काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. ''सांग,'' ते म्हणाले. ''पण तू अर्धंच पाहिलंस. परत येताना तुम्ही पुढच्या गाडीने गेलात. मी आणि आई मागे राहिलो. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, रागाने बोलत पण नव्हतो. आईने स्टँडवरच्या हॉटेलात नेलं, स्वतःच्या पैशाने कांदाभजी आणि चहा मागवला आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली. एक शब्द बोलली नाही. तेही सांगणार असशील तर सांग.'' तिने वडिलांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, ''मी गप्प बसलो होतो, हे गाळू नकोस.''

ज्याला प्रसंग लागण्याची भीती होती त्यानेच प्रसंग पुरा करून दिला. भज्यांपर्यंतची गोष्ट न्यायाची होती, भज्यांनंतर ती आईची झाली. आधीचे अर्धे नातीने पाहिले होते, नंतरचे काकांनी. ऐकीव काही घ्यायचे नाही हा तिचा नियम इथे तिने मोडला, पण कुणाचे ऐकले ते भाषणात सांगून मोडला.

तिसरा प्रसंग एप्रिल 2021 चा, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला. नातीचा नवरा वडोदऱ्यात रुग्णालयात होता. तिचीही तपासणी पॉझिटिव्ह आलेली, पण त्रास कमी, म्हणून ती घरी एकटी एका खोलीत. पाच वर्षांचा मुलगा आजी-आजोबांकडे पाठवलेला. गावाकडच्या आजीला तोपर्यंत कानांनी फार कमी ऐकू येऊ लागले होते आणि कानातले यंत्र फोनजवळ नेले की शिटी वाजे. भाषणात तिने लिहिले:

''रोज रात्री आठ वाजता काका फोन लावून आजीच्या हातात द्यायचे. आजी म्हणायची, 'तू काय बोला नको. माका आयकाक येणा नाय. नुसता आयक.' आणि वाचायला लागायची. तिच्याजवळ वाचायला काय होतं? भिंतीवरचं कालनिर्णय. महिन्याच्या पानामागे छापलेलं असतं ना, ते. एका रात्री एक पान. उन्हाळ्यात काय खावं, लोणचं कसं टिकवावं, कुणाच्या तरी प्रवासाची हकिकत. सावकाश, एकेक शब्द, मिनिटाला तीस. अडलं तर परत मागे जायची. चौदा रात्री तिने वाचलं. पानं बारा होती. शेवटच्या दोन रात्री तिने जानेवारी-फेब्रुवारी परत वाचले.

''मी कधी काही बोलले नाही, कारण बोलून उपयोग नव्हता. त्यातल्या चार रात्री मी रडत होते. घरात दुसऱ्या कुणासमोर मी रडले असते तर त्यांना धीर द्यावा लागला असता. आजीला ऐकूच येत नव्हतं, म्हणून मला मनसोक्त रडता आलं आणि ती तिकडे आवळ्याच्या मोरंब्याची कृती वाचत राहिली. हे आजीला मी आज पहिल्यांदा सांगते आहे.''

नवरा बरा होऊन घरी आला, हे भाषणात एका वाक्यात आले. ती गोष्ट त्याच्या आजाराची नव्हती.

तीन प्रसंग झाले, आता त्यांना वेळेत बसवायचे होते. तिने मोठ्याने वाचून घड्याळ लावले. सावकाश, थांबत बोलले तर मिनिटाला शंभर शब्द होत होते. पंगतीआधी भुकेली मुले आणि उन्हाने दमलेले पाहुणे यांच्यासमोर सात मिनिटे पुरे, असे ठरवून तिने मजकूर सातशे शब्दांत आणला. पहिल्या प्रसंगाला दोन मिनिटे, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. कापताना पहिली कात्री लागली ती प्रसंगाच्या शेवटच्या वाक्यांना. ''यातून आपण हे शिकतो'' अशा वळणाचे जे जे होते, ते सगळे गेले. पतवंडांतली दोघे बेंगळुरूत वाढलेली. त्यांना मराठी समजते, पण लांब वाक्यात हरवतात. त्यांच्यासाठी वाक्ये तोडली आणि 'हक्कसोडपत्र' हा शब्द आला तिथे 'माझा हिस्सा मी सोडते असा कागद' असे सोपे करून घेतले. सगळा मजकूर पाठ न करता तिने तीन कार्डे केली, एकेका प्रसंगाला एक, आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत फक्त पाच-सहा शब्द. पाटी, सूप, वेलांटी. चष्मा, पाऊण तास, भजी.

आजीला ऐकू जावे ही खरी अडचण होती. ध्वनिक्षेपक लावला तर तिच्या यंत्रात सगळ्यांचे आवाज एकत्र घुमतात, हे काकांना माहीत होते. म्हणून आजीची खुर्ची भिंतीशी, पंख्यापासून लांब ठेवली आणि नात तिच्या डाव्या कानाच्या बाजूला, तोंड दिसेल अशी, हातभर अंतरावर उभी राहिली. ती आजीशी बोलली, बाकीच्यांनी ऐकले. खळ्यातल्या मांडवात साठ-पासष्ट माणसे होती. ती आपोआप गप्प झाली, कारण गप्प झाल्याशिवाय ऐकू येत नव्हते.

सुपातल्या अक्षरांपाशी आजी हसली आणि तिने स्वतःच्या बोटाकडे पाहिले. दुसऱ्या प्रसंगाच्या सुरुवातीलाच नात म्हणाली, ''हे मी काकांना विचारून सांगते आहे, आणि यातलं शेवटचं त्यांनीच मला सांगितलंय.'' त्या एका वाक्याने मांडवातला ताण सैल झाला. आजीने कागद घडी घातला तेव्हा कुणी हलले नाही. भज्यांपाशी काकांनी उपरण्याने तोंड पुसले. तेवढ्यात आत्या मागून म्हणाली, ''म्हणजे तुम्ही भजी खाल्लीत आणि आम्हाला उपाशी पाठवलंत!'' आणि सगळा मांडव हसला. हे वाक्य कोणत्याच कार्डावर नव्हते. ते आत्याचे होते आणि एकोणीस वर्षे तिच्याजवळच राहिले असावे.

तिसऱ्या प्रसंगात नातीचा आवाज अडकेल, हे तिला घरी वाचतानाच कळले होते. म्हणून रडण्याच्या वाक्याच्या लगेच पुढे तिने मोरंबा ठेवला होता. आवाज अडकला, ती थांबली, मोरंबा आला आणि ती पुढे गेली. आजीला ते वाक्य ऐकू गेले की नाही, याची खात्री कुणालाच नव्हती. तिने नातीचा हात मात्र धरून ठेवला होता.

शेवट करताना नातीने आशीर्वाद मागितला नाही की शंभरीची इच्छाही बोलून दाखवली नाही. ती म्हणाली, ''आजी, हजार पौर्णिमा भरायला अजून दहा महिने आहेत. तेव्हा मी परत येणार आहे. त्या रात्री तू मला काहीतरी वाचून दाखव.'' आणि ती बसली. सात मिनिटांची साडेआठ झाली होती. तक्रार कुणी केली नाही.

समारंभानंतर पाहुणे पांगले. नातीने सगळा मजकूर मोठ्या ठशांत छापून आणला होता, पण भाषणाआधी दिला नाही, कारण कागद हातात असता तर आजीने वर पाहिलेच नसते. तो तिने दुसऱ्या दिवशी सकाळी दिला. वर आजीचे नाव होते, शेवटच्या अक्षराला शुद्ध, दुसरी वेलांटी. आजी चष्मा लावून पडवीत बसली. सातशे शब्दांना तिला पंचवीस मिनिटे लागली. तिसऱ्या प्रसंगापाशी ती बराच वेळ थांबली, ती ओळ तिने बोटाने दोनदा वाचली, पण बोलली काही नाही. वाचून झाल्यावर तिने काकांकडून पेन मागून घेतले, पहिल्या पानावर परत आली आणि आपल्या नावातली दुसरी वेलांटी खोडून पहिली केली.